आठच्या औषधांत आधी कोणाचं?

सकाळी आठला जनरल वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर ‘ओव्हर’ देते आणि सकाळच्या सिस्टरच्या हातात तिच्या पेशंटची यादी येते. समजा, तिच्याकडे पाच खाटा आहेत. चार नंबरच्या काकांना नाश्त्याआधी इन्सुलिन, सातच्या न्यूमोनियाच्या पेशंटला अँटिबायोटिकचं इंजेक्शन, नऊच्या आजोबांना पार्किन्सनची गोळी, अकराच्या बाईंना रक्ताची एक पिशवी, चौदाला ड्रेसिंग आणि व्हिटॅमिनची गोळी. चार्टवर यातल्या बहुतेक कामांपुढे ‘८’ हाच आकडा आहे. सगळं आठला होणं शक्य नाही. म्हणून कोणत्या कामाला उशीर चालणार नाही, हे तिला आधी ठरवावं लागतं.

औषधाच्या ट्रॉलीला हात लावण्याआधी ती पाचही जणांना डोळ्यांनी पाहून येते. यादी रात्रीच्या माहितीवर बनलेली असते आणि पेशंट तेवढ्या वेळात बदललेला असू शकतो. सातच्या खाटेपाशी ती थांबते. ओव्हरमध्ये ‘रात्र बरी गेली’ असं सांगितलं होतं, पण हा माणूस वाक्य पुरं करताना दोनदा दम घेतोय. ती घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. अठ्ठावीस भरतात. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची किंवा अंदाजाने ‘२०’ लिहून टाकण्याची सवय वॉर्डांत फार आहे, आणि मला ती धोक्याची वाटते, कारण बिघडत्या पेशंटमध्ये श्वासाचा वेग बरेचदा रक्तदाबाच्या आधी इशारा देतो. ती त्याला उठवून बसवते, बोटाला ऑक्सिमीटर लावते, डॉक्टरांना बोलावते. यादीत दुसरं असलेलं नाव आता पहिलं झालं. त्याचं अँटिबायोटिकही लगेच जातं.

ती तिथे अडकली असताना दोन कामं थांबू शकत नाहीत. पार्किन्सनची लेव्होडोपा गोळी इंजेक्शनांपुढे किरकोळ वाटते, पण आधीच्या डोसाचा असर ओसरला की आजोबांचे हातपाय ताठरतात आणि कधी घोटही गिळवत नाही. मग उशिरा आलेली गोळी द्यायची कशी, हाच प्रश्न होतो. अशी वेळेला बांधलेली औषधं ठरल्या वेळेच्या अर्धा तास इकडेतिकडे द्यावीत, असा संकेत आहे. दिवसातून एकदाच द्यायच्या व्हिटॅमिनला मात्र दोन तासांनीही फरक पडत नाही. म्हणून सातच्या खाटेवरूनच ती शेजारच्या सिस्टरला सांगते, ‘ताई, नऊच्या आजोबांची गोळी तेवढी देता का? आणि चारची शुगर बघा, इन्सुलिन मात्र मी आल्यावर.’

इन्सुलिन राखून ठेवण्यामागे कारण आहे. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास देतात. चार्टवर आठ लिहिलंय म्हणून आठला टोचलं आणि नाश्त्याची गाडी सव्वानऊला आली, तर मधल्या वेळात काकांची साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं गोंधळतं. म्हणजे ही वेळ घड्याळापेक्षा ताटाला बांधलेली आहे. मावशींना विचारल्यावर कळतं की गाडी पावणेनऊला येणार. शुगर १८२ आहे. सव्वाआठला इन्सुलिन जातं. शुगर ७० च्या खाली आली असती, तर इन्सुलिन थांबवून आधी साखरेचं पाणी आणि डॉक्टरांना निरोप, असा क्रम लागला असता. नातेवाइकांनी इथे एक मदत जरूर करावी: इन्सुलिन घेतलेला माणूस नाश्ता करत नसेल, तर लगेच सिस्टरला सांगावं.

रक्ताची पिशवी तयार असल्याचा फोन साडेआठला येतो, तरी ती लगेच कोणाला पाठवत नाही. थंड कप्प्यातून बाहेर काढलेलं रक्त अर्ध्या तासात सुरू करायचं आणि चार तासांत संपवायचं असतं. शिवाय पहिली पंधरा मिनिटं सिस्टरने पेशंटजवळ थांबायला हवं. थंडी वाजणं, ताप, कंबरदुखी, धाप असा त्रास बरेचदा तेव्हाच दिसतो आणि दिसताक्षणी रक्त बंद करावं लागतं. आठच्या धावपळीत ती पंधरा मिनिटं मिळणार नाहीत. म्हणून ती आधी सलाइनची सुई नीट चालते का ते पाहते, ताप आणि नाडी लिहून ठेवते, आणि साडेनऊला पिशवी मागवते. दुसऱ्या सिस्टरसोबत नाव, रक्तगट, पिशवीचा नंबर ताडून रक्त सुरू होतं.

चार्टवर ती प्रत्येक डोसाची खरी वेळ लिहिते. सातचं अँटिबायोटिक दर आठ तासांनी आहे. ते आठ-वीसला गेलं तर आठ-वीसच. सगळ्या रकान्यांत एकसारखा ‘८’ दिसला, तर सह्या औषध देण्याआधीच उरकल्याची शंका घ्यावी. चौदाचं ड्रेसिंग दहानंतर होतं. उशीर होणार, हे तिने त्या पेशंटला सकाळच्या फेरीतच सांगून ठेवलेलं असतं.