एकच तास, तीन वह्या

प्राध्यापक मिनिटाला सहज शंभरावर शब्द बोलतात. हाताने मात्र वीस-पंचवीसच लिहून होतात. म्हणून प्रत्येक शब्द टिपू पाहणाऱ्याच्या वहीत अर्धवट वाक्यं उरतात. काय सोडायचं आणि उरलेलं कसं मांडायचं, हे पद्धतीवर ठरतं. त्यासाठी खालचा उतारा मित्राला नेहमीच्या वेगाने वाचायला सांगावा आणि ऐकता ऐकता टिपणं काढावीत.

‘नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात. सह्याद्री आडवा येतो, म्हणून हवा वर चढते, थंड होते, ढग बनतात आणि पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होतो. डोंगर ओलांडून हवा खाली उतरली की तापते आणि ढग विरतात. म्हणून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला १,००० मिलिमीटरही पाऊस पडत नाही.’

रूपरेषा पद्धतीत ‘प्रतिरोध पाऊस’ हा मथळा येतो. त्याखाली ‘पाऊस का पडतो’ आणि ‘पलीकडे का पडत नाही’ हे दोन मुद्दे, आणि प्रत्येकाखाली थोडं आत सरकवून कारण व गावाचा आकडा. प्राध्यापक क्रमाने शिकवत असतील तर ही वही सुबक उतरते. ते मागेपुढे उड्या मारू लागले की मुद्दे भलत्या मथळ्याखाली जातात.

तक्त्यात डावीकडे महाबळेश्वर, उजवीकडे वाई. ओळी तीन: हवा चढते की उतरते, थंड होते की तापते, पाऊस किती. तुलना एका नजरेत दिसते, पण रकाने आधी ठाऊक असावे लागतात.

कॉर्नेल पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केली. पानाच्या डावीकडे सुमारे सहा सेंटिमीटरचा रकाना आणि तळाला पाच सेंटिमीटरची पट्टी मोकळी ठेवायची. तासाला फक्त उजवीकडे लिहायचं. त्याच संध्याकाळी डावीकडे प्रश्न लिहायचे, जसं ‘उतरणारी हवा कोरडी का?’, आणि तळाला दोन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकून उत्तर मोठ्याने सांगायचं. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून पाहिलेलं जास्त दिवस लक्षात राहतं. मात्र डावा रकाना आठवडाभर कोराच राहिला, तर ती साधी वहीच झाली.

इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या सिद्धान्तांना कॉर्नेल सोयीची, वनस्पतींच्या वर्गीकरणाला तक्ता, आणि मुद्देसूद शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या तासाला रूपरेषा. गणितात फळ्यावरची प्रत्येक पायरी जशीच्या तशी उतरवावी लागते. तिथे कॉर्नेलचा डावा रकाना ‘ही पायरी कशी आली?’ लिहायला वापरता येतो. निवड पारखायची असेल तर दोन दिवसांनी वही न उघडता महाबळेश्वर आणि वाईतल्या फरकाचं कारण सांगून पाहावं. आकडे आठवले पण कारण सुटलं, तर पुढच्या तासाला दुसरी पद्धत घ्यावी.