यादीतला कोणता गणपत ठेवायचा?

रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीची मतदार यादी समोर आहे असे समजा. एकाच घर क्रमांकावर ‘कदम गणपत महादेव’ हे नाव दोनदा आले आहे. यादी हाताळणाऱ्याला वरून एवढाच निरोप येतो : डुप्लिकेट काढून टाका. तो एक्सेलमध्ये नावाचा आणि घर क्रमांकाचा स्तंभ निवडतो, `Remove Duplicates` दाबतो आणि एक गणपत नाहीसा होतो.

आता वयाचा स्तंभ बघा. एक गणपत ८१ वर्षांचा, दुसरा २६ चा. कोकणात आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत जुनी आहे. गणपतचा मुलगा महादेव, त्याचा मुलगा पुन्हा गणपत. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, घर सगळे जुळले, तरी माणसे दोन. एक्सेल वरून पहिली सापडलेली नोंद ठेवते आणि खालच्या काढते. कुटुंबप्रमुख वर लिहिला असेल तर नातवाचे नाव जाईल. यादी वयाच्या चढत्या क्रमाने लावली असेल तर आजोबांचे. कुणाचे नाव राहावे हे कुणीच ठरवले नाही, ते यादीच्या क्रमाने ठरले.

मग वय धरूनच जुळवले तर? तेही पुरत नाही. एकाच माणसाचे वय दोन नोंदींत एखाद्या वर्षाने मागेपुढे असणे नेहमीचे, त्यामुळे तंतोतंत वय मागितले की खरी दुबार नोंद निसटते. स्पेलिंगची तऱ्हा तर आणखी न्यारी. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ संगणकावर तीन तऱ्हांनी टंकता येतो : अखंड अक्षर म्हणून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारी जोडखूण वापरून. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमाने एक करता येतात. तिसरा त्या नियमाने एक होत नाही, त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. कागदावर तिन्ही कऱ्हाडकर सारखेच छापले जातात, म्हणून छापील यादी तपासणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाला गणिती रूप दिले. प्रत्येक स्तंभाच्या जुळण्याला त्यांनी वजन दिले. ‘कदम’ जुळले तर पुरावा हलका, कारण कदम घरोघरी आहेत. दुर्मीळ आडनाव जुळले तर तो भारी. वजनांची बेरीज करून जोड्या तीन ढिगांत पडतात : एकच माणूस, वेगळी माणसे, आणि मधला ढीग, जो माणसाने डोळ्यांखालून घालायचा. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण या मधल्या ढिगात आहे. नुसते ‘काढून टाका’ म्हणणारा हाच ढीग ठेवायला विसरतो.

पण समजा, दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे पक्के झाले. मुंबईला नोकरी करणाऱ्या चाकरमान्याचे नाव तिकडे आहे आणि गावीही आहे. यातली कोणती नोंद काढायची? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवू देत नाही. नाव कुठे असावे, हे तो ‘सर्वसाधारण रहिवास’ बघून ठरवतो, आणि केवळ गावी घर मालकीचे आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. थोडक्यात, कायद्याकडे उत्तर आहे, पण यादीत त्याचा स्तंभच नाही. यादी कितीही चाळली तरी माणूस मुळात कुठे राहतो ते त्यात सापडणार नाही.

२०२५ च्या नगर परिषद निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने नावे काढली नाहीत. विधानसभेची यादी आहे तशी वापरायची, तिच्यातले नाव वगळायचा अधिकार आयोगाला नव्हताच. संभाव्य दुबार नावांपुढे `**` अशी खूण केली. कुठे मत देणार, हे त्या मतदारालाच विचारायचे. उत्तर मिळाले नाही, तर केंद्रावर आल्यावर हमीपत्र घ्यायचे, असे ठरले. खुणेत चूक झाली तर नातवाला एक कागद भरावा लागेल, पण त्याचे मत जाणार नाही.

एक्सेलसारखीच पायथॉनच्या पांडाज संचातही `drop_duplicates` ही आज्ञा आहे. तिला `keep` सांगितले नाही तर ती पहिली नोंद ठेवते. `keep=False` लिहिले तर मात्र दुबार ठरलेल्या सगळ्या नोंदी जातात आणि आजोबा-नातू दोघेही यादीबाहेर. ‘डुप्लिकेट काढून टाका’ म्हणणाऱ्याने निरोप असा लिहायला हवा होता : आडनाव, नाव, वडिलांचे नाव आणि लिंग जुळावे, वयात दोन वर्षांपर्यंत फरक चालेल, छायाचित्र माणसाने पाहावे; काहीही काढू नये, फक्त खूण करावी, आणि मूळ यादीची प्रत बाजूला ठेवावी.