सोळा घरांतले वाटाणे

पनेट चौकटीत मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा चौकट आखण्याआधीच होतो. गोल-पिवळ्या वाटाण्याचे जनुकरूप RrYy दिसले, की काही जण युग्मके Rr आणि Yy अशी लिहून मोकळे होतात.

पण प्रत्येक युग्मकात आकाराचे एक आणि रंगाचे एक अक्षर यायलाच हवे. म्हणून युग्मके चार: RY, Ry, rY, ry. दोन्ही पालक RrYy असले, तर चार ओळी आणि चार स्तंभांची सोळा घरे होतात. निदान एक R असेल तर दाणा गोल, निदान एक Y असेल तर पिवळा. या कसोटीने मोजले, की गोल-पिवळे नऊ, गोल-हिरवे तीन, सुरकुतलेले-पिवळे तीन आणि सुरकुतलेला-हिरवा एक. बेरीज सोळा भरली नाही, तर कुठेतरी चुकलेच.

ब्रनोच्या मठात मेंडेलने मोजलेले 556 दाणे याच क्रमाने 315, 108, 101 आणि 32 होते. चौकटीप्रमाणे साधारण 313, 104, 104 आणि 35 यायला हवे होते. चौकट फक्त शक्यता सांगते; सोळाच दाणे पेरले, तर हे गुणोत्तर सहज बिघडू शकते. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील, तर मात्र कितीही दाणे मोजले तरी 9:3:3:1 मिळत नाही.