कागदावरचा नफा आणि बाजारातला भाव

दर महिन्याला एखाद्या शेअरचा थोडा वरचा कॉल आणि थोडा खालचा पुट विकायचा, दोन्हींचा प्रीमियम खिशात घालायचा आणि भाव त्या दोन स्ट्राइकच्या मध्ये राहील अशी अपेक्षा धरायची, याला शॉर्ट स्ट्रँगल म्हणतात. बहुतेक महिने हे जमून जाते. म्हणूनच जुन्या आकड्यांवर ही पद्धत चालवून पाहिली, म्हणजे तिची बॅकटेस्ट केली, की आलेख फार देखणा दिसतो. प्रत्यक्ष पैसे लावल्यावर मात्र तीच पद्धत तोट्यात जाते. बाजाराची चाल बदलली असे तेव्हा अनेकांना वाटते. पण पुष्कळदा तो नफा मुळात नव्हताच. बॅकटेस्टने सौदे अशा भावांना झाले असे धरलेले असते, जे त्या दिवशी कुणाला मिळालेच नसते.

ऑप्शनला कोणत्याही क्षणी दोन भाव असतात. खरेदीदार द्यायला तयार असतो तो बिड आणि विकणारा मागतो तो आस्क. सोने विकायला गेल्यावर सराफ एक भाव देतो आणि घ्यायला गेल्यावर दुसरा सांगतो, तसेच हे. तुम्ही लगेच विकलेत तर बिड मिळतो आणि लगेच घेतलेत तर आस्क मोजावा लागतो. या दोहोंतले अंतर म्हणजे स्प्रेड. निफ्टीच्या चालू महिन्यातल्या, भरपूर उलाढाल असलेल्या स्ट्राइकवर ते अगदी कमी असते. शेअरच्या ऑप्शनमध्ये, विशेषतः बाजारभावापासून दूरच्या स्ट्राइकवर, ते प्रीमियमच्या मानाने मोठे असते. स्ट्रँगल विकणारा नेमका तिथेच विकतो.

हिशेबासाठी एक कल्पित शेअर घेऊ. भाव १००० रुपये, लॉट ५०० शेअरचा, एक्स्पायरीला साधारण महिना बाकी. १०८० च्या कॉलचा बिड ४.६० आणि आस्क ५.४०. ९२० च्या पुटचा बिड ५.०५ आणि आस्क ५.९५. दोन्हींचे मध्यभाव ५ आणि ५.५०, म्हणजे बॅकटेस्ट १०.५० रुपये जमा धरते. बाजारात विकणाऱ्याच्या हाती ९.६५ पडतात.

आता नियम असा, की प्रीमियम निम्मा झाला की सौदा बंद करायचा आणि दुप्पट झाला तर तोटा घेऊन बाहेर पडायचे. नफ्याच्या महिन्यात दोन्हींचे मध्यभाव मिळून ५.२५ वर आले, पण आस्क मिळून ६ रुपये आहेत. बॅकटेस्टचा नफा ५.२५, खरा नफा ९.६५ वजा ६, म्हणजे ३.६५. एका लॉटमागे ८०० रुपये नुसत्या स्प्रेडमध्ये गेले. येता-जाता मिळून चार ऑर्डर होतात. दर ऑर्डरला २० रुपये धरून ब्रोकरेजचे ८० रुपये बॅकटेस्टमध्ये आठवणीने वजा करणारा माणूस हे ८०० मात्र विसरतो.

तोट्याचा महिना याहून वाईट असतो. शेअर जोरात हलू लागला की भाव लावणारे मागे सरतात आणि स्प्रेड रुंदावतो. मध्यभाव २१ असताना आस्क २४ असणे अशा वेळी अशक्य नाही. बॅकटेस्ट १०.५० चा तोटा दाखवते, प्रत्यक्षात १४.३५ जातात. म्हणजे स्प्रेड हा दर महिन्याचा सारखा खर्च नाही. ज्या दिवशी बाहेर पडणे भाग असते त्याच दिवशी तो सर्वांत महाग असतो. सरासरी स्प्रेड काढून सगळीकडे सारखा वजा करणारी बॅकटेस्ट इथेच फसते.

या चार आकड्यांवरून निकाल फिरतो. समजा १०० पैकी ७५ महिने नफ्याचे आणि २५ तोट्याचे गेले. मध्यभावाच्या हिशेबात एका लॉटमागे महिन्याला सरासरी ६५६ रुपये नफा निघतो. खऱ्या भावांच्या हिशेबात ४२५ रुपये तोटा. पहिल्या हिशेबात तगून राहायला सुमारे ६७ टक्के महिने जिंकावे लागतात, दुसऱ्यात जवळजवळ ८० टक्के.

आणि हे सौदे त्याच दिवशी बंद झाले असे धरून. वास्तविक जमा ९.६५ असेल तर निम्म्याचे लक्ष्य ४.८२ होते. आस्क ६ असताना ते गाठलेलेच नसते. सौदा आणखी काही दिवस उघडा राहतो आणि त्या दिवसांत शेअर उसळी घेऊ शकतो. जिंकलेल्या महिन्यांची संख्याही मग ७५ राहत नाही.

दुसरा सापळा आकडेवारीतच आहे. बहुतेक लोक एनएसईच्या दैनिक भावपत्रकातला बंद भाव वापरतात. त्यात बिड आणि आस्क नसतात. कॉलचा शेवटचा सौदा साडेतीनच्या सुमारास झालेला असतो आणि पुटचा दुपारी दोनला. मधल्या वेळात शेअर हललेला असतो. त्या दोन भावांची बेरीज असा स्ट्रँगल दिवसभरात कुठल्याच क्षणी विकता आला नसता. काही स्ट्राइकवर दिवसभरात एकही सौदा झालेला नसतो, तरी रकान्यात भाव असतोच. म्हणून भावाआधी उलाढालीचा रकाना बघावा आणि शून्य असेल तर ती नोंद वगळावी.

तर भाव धरायचा कसा? वेळेसह बिड आणि आस्क नोंदवलेली जुनी आकडेवारी मिळवणे सर्वांत चांगले. ती नसेल तर काही महिने ब्रोकरच्या पडद्यावरची मार्केट डेप्थ ठरलेल्या वेळी टिपून ठेवावी, शांत दिवशीची वेगळी आणि पडझडीच्या दिवशीची वेगळी, आणि त्यावरून स्प्रेडचा अंदाज बांधावा. मग विक्रीचा भाव असा काढता येतो:

```
fill = mid - k * (ask - bid) / 2
```

खरेदीत वजाऐवजी अधिक. `k` शून्य ठेवला तर मध्यभाव मिळतो, १ ठेवला तर थेट बिड. तीच बॅकटेस्ट `k` ला ०, ०.५ आणि १ ठेवून तीनदा चालवावी. नफा फक्त शून्यावर दिसत असेल तर ती पद्धत सोडून द्यावी.

मध्यभावाला लिमिट ऑर्डर लावून थांबता येते, हे खरे. कधी भाव मिळतोही. पण तो सहसा बाजार आपल्या विरुद्ध सरकू लागतो तेव्हाच मिळतो. कॉल विकला जातो, कारण शेअर वर निघालेला असतो, आणि तोवर पुट स्वस्त होऊन मागे राहतो. अर्धाच स्ट्रँगल हाती उरतो. बॅकटेस्टमध्ये दोन्ही बाजू एकाच क्षणी होतात. शिवाय पहिल्या बिडला एकच लॉट असेल तर दहा लॉटचा सौदा त्या भावाला झाला असे धरता येत नाही.

एक्स्पायरीपर्यंत थांबल्यास बाहेर पडण्याचा स्प्रेड वाचतो, हेही खरे, आणि निफ्टीत तो मार्ग सरळ आहे, कारण तिथे हिशेब रोख होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. म्हणून स्ट्राइक ओलांडली गेलेली बाजू बहुतेक विक्रेते आधीच बंद करतात, आणि तो खर्च पुन्हा रुंद स्प्रेडवर होतो.

कुणी महिन्याच्या स्ट्रँगलचा देखणा आलेख पुढे ठेवला तर परतावा विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: विक्री बिडला धरली की मध्यभावाला, आणि पडझडीच्या दिवशी किती स्प्रेड धरला? उत्तर नसेल तर त्या आलेखावर एक रुपयाही लावू नका.