चर्चासत्रासाठी आलेल्या सारांशांचे परीक्षण : कालनियोजनाचा विचार

चर्चासत्राच्या निवेदनात सारांश पाठविण्याची अंतिम तारीख ठळकपणे दिलेली असते; निवड कळविण्याची तारीख मात्र पुष्कळदा नसते. वास्तविक नियोजनाचा आरंभ या दुसऱ्या तारखेपासून व्हावयास हवा.

उदाहरणादाखल २० फेब्रुवारीला भरणारे एक चर्चासत्र घेता येईल. इंदूरहून येणारा वक्ता १९ तारखेस निघेल. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, म्हणजे येथे २१ डिसेंबरला, खुले होते. तत्पूर्वी वक्त्याची स्वीकृती यावयाची, तर निवडपत्रे १२ डिसेंबरला निघाली पाहिजेत. येथून मागे मोजत यावे. निवड समितीची बैठक १० डिसेंबरला; मतभेद असलेले सारांश तिसऱ्या परीक्षकाकडे ५ डिसेंबरपर्यंत; दोन परीक्षकांचे वाचन ५ ते २६ नोव्हेंबर; सारांश स्वीकारण्याची मुदत ३१ ऑक्टोबर. मधले चार दिवस नावे झाकून वाटणी करण्याचे. सारांश ४८ आणि परीक्षक सहा असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला १६ येतात.

सारांश कमी आले म्हणून मुदत आठवड्याने वाढविली, तर तो आठवडा परीक्षकांच्या तीन आठवड्यांतून जातो. मग अभिप्राय ‘विषय चांगला’ एवढ्यावर थांबतात आणि सर्वांना सारखेच गुण पडतात. घाईने झालेल्या वाचनाची ही खूण होय. मुदतवाढ अटळ असल्यास परीक्षक वाढवावेत. निवडपत्रांची तारीख हलवू नये. नकारपत्रेही त्याच दिवशी धाडावीत, म्हणजे नाकारलेला अभ्यासक ताटकळत राहत नाही.