पीएफ हस्तांतरणाची बदलती वाट आणि हरवणारी सेवा

नोकरी बदलल्यावर जुन्या आस्थापनेतील भविष्य निर्वाह निधीची शिल्लक नव्या खात्यात नेण्याची सोय जुनी असली, तरी 2013 पर्यंत ती सर्वस्वी कागदावर चालत असे. सभासदाने ‘फॉर्म 13’ भरायचा, मालकाने त्यावर सही-शिक्का करायचा, जुन्या क्षेत्रीय कार्यालयाने हिशेब काढून रक्कम नव्या कार्यालयाकडे पाठवायची आणि तिच्यासोबत ‘परिशिष्ट के’ जोडायचे, असा तो क्रम होता. परिशिष्ट के म्हणजे सभासदाची जमा, सेवेचा काळ आणि बिनपगारी दिवस यांचा दाखला. रक्कम पोहोचली, पण हा दाखला वाटेत राहिला, तर पैसे जमा होऊनही मागची सेवा नोंदली जात नसे. आणि ही उणीव सभासदाच्या ध्यानात येई ती बहुधा निवृत्तीच्या वेळी.

2013 मध्ये ऑनलाइन अर्जाची सोय झाली आणि 2014 मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा बारा अंकी क्रमांक, आला. यूएएन एकच राहिला, तरी प्रत्येक आस्थापनेत सभासदाला वेगळा सदस्य क्रमांक मिळतो आणि पैसे त्या क्रमांकाखाली पडून असतात. यूएएन एक म्हणजे खातेही एक, हा समज आजही सर्रास आढळतो, आणि त्यापायी कित्येकजण हस्तांतरणाचा अर्जच करत नाहीत.

कागद गेला तशी अडचणीची जागाही बदलली. पूर्वी फाइल हरवत असे, आता नोंदी जुळत नाहीत. नाव किंवा जन्मतारीख आधारशी न जुळणे आणि नव्या मालकाने जुना यूएएन न विचारता दुसराच काढणे ही नेहमीची कारणे आहेत. पण सर्वांत चिवट ठरली ती नोकरी सोडल्याच्या तारखेची नोंद. ही तारीख भरणे जुन्या मालकाच्या हाती होते, आणि गेलेल्या माणसाच्या कामाला कोणत्याही आस्थापना विभागात घाई नसते. 2020 पासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर सभासदाला ‘Mark Exit’ या पर्यायातून ती स्वतः भरता येऊ लागली. मात्र ती ज्या महिन्यात शेवटची वर्गणी भरली गेली त्याच महिन्यातील असावी लागते, आणि एकदा नोंदली की सहजी बदलता येत नाही.

तारखेचा प्रश्न किती दूरवर जातो हे एका कल्पित उदाहरणावरून कळेल. एक कर्मचारी फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईतील एका कंपनीत लागला. मार्च 2021 मध्ये उरलेली रजा नोटीस काळात धरून तो 22 तारखेला पुण्यातील कंपनीत रुजू झाला, तर जुन्या कंपनीने हजेरीपटानुसार 31 मार्च ही सोडल्याची तारीख लिहिली. दहा दिवस दोन्ही सेवा एकमेकींवर आल्या. असे अर्ज पूर्वी तेवढ्या कारणावरून परत येत. 2025 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने केवळ सेवा एकमेकींवर आल्यामुळे अर्ज फेटाळू नयेत, असे आपल्या कार्यालयांना कळवले.

या कर्मचाऱ्याने अर्ज सोडून दिला असता, तर शिल्लक बुडाली नसती; हानी झाली असती ती निवृत्तिवेतनाची. मालकाच्या 12 टक्के हिश्शापैकी 8.33 टक्के वर्गणी, 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेत, निवृत्तिवेतन योजनेत जाते, आणि दरमहा निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. पहिली नोकरी सहा वर्षे दोन महिन्यांची आणि दुसरी, सप्टेंबर 2025 पर्यंत, सुमारे साडेचार वर्षांची. वेगवेगळ्या धरल्यास दोन्ही अपुऱ्या, जोडल्यास दहा वर्षे आठ महिने, म्हणजे नियमाप्रमाणे अकरा वर्षे. वेतन 15,000 धरले, तर 15,000 गुणिले 11 भागिले 70 या सूत्राने अठ्ठावन्नाव्या वर्षी दरमहा सुमारे 2,357 रुपये हाती येतात. पासबुकात हस्तांतरणानंतर निवृत्तिवेतनाच्या रकान्यात शून्य दिसते, त्यामुळे सभासद घाबरतो. परंतु या योजनेत रक्कम हलत नाही, सेवाकाळच जोडला जातो, म्हणून तो जोडला गेला की नाही हे ‘Service History’ मध्ये पाहावे लागते.

जानेवारी 2025 पासून आधारशी जोडलेल्या यूएएनच्या बहुतांश अर्जांना मालकाच्या मंजुरीची गरज उरलेली नाही. मोठ्या आस्थापनांचे सूटप्राप्त न्यास, म्हणजे भविष्य निर्वाह निधी स्वतः सांभाळणारे विश्वस्त मंडळ, यांच्याकडून येणाऱ्या सभासदाची वाट मात्र निराळी आहे. तेथे निधी न्यासाकडून यावा लागतो आणि परिशिष्ट केही न्यासालाच द्यावे लागते. त्यात वर्गणीचे महिने वा बिनपगारी दिवस चुकले, तर क्षेत्रीय कार्यालय सुधारित दाखला मागते, आणि सभासदाला आपण कधीच सोडलेल्या कंपनीच्या न्यासाकडे पुन्हा पत्रव्यवहार सुरू करावा लागतो.