भातशेतीतील होमस्टे : माहिती लिहिताना कीटकांचा हंगामही लिहावा
कृषी पर्यटन करणाऱ्या कुटुंबांसाठी कुंभकोणमजवळचे एक उदाहरण

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे या भागात आजही मराठी बोलणारी घरे आढळतात. नोव्हेंबर महिन्यात कामानिमित्त तेथे गेलो असता अशाच एका शेतकरी कुटुंबाच्या होमस्टेमध्ये माझा मुक्काम झाला. तीन खोल्या, पुढे ओसरी आणि ओसरीपासून वीस पावलांवर भाताचे बांध. कुटुंब आतिथ्यशील होते. तरीही त्यांच्या लिस्टिंगखाली एका पाहुण्याने तीव्र तक्रार लिहिली होती. दिव्यावर किड्यांचा थर जमतो आणि रात्रीत मानेवर भाजल्यासारखा चट्टा उठला, असे त्याचे म्हणणे होते. घरच्या आजींना ती तक्रार अन्यायाची वाटत होती. ‘‘शेतातलं घर म्हटल्यावर किडे येणारच, ते काय लिहायचं?’’ असे त्या म्हणाल्या. परंतु नेमके तेच लिहावयास हवे होते.

लिस्टिंगमध्ये ‘निसर्गरम्य परिसर, हिरवीगार शेते, सर्व सोयी’ एवढाच मजकूर होता. छायाचित्रे जानेवारीतील, पिवळ्या पडलेल्या भाताची व भर दुपारची होती. पाहुणा मात्र नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पोहोचला होता. त्याने पाहिलेले घर आणि त्याला मिळालेले घर यांत दहा महिन्यांचे अंतर होते.

या भागातील सांबा हंगामाचे भात ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीत कापणीस येते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. या काळात हिरवे तुडतुडे आणि लांब पंखांचे तपकिरी तुडतुडे अंधार पडताच दिव्याकडे झेपावतात. त्यांच्या मागोमाग पीडेरस हा नारिंगी-काळ्या रंगाचा, सात-आठ मिलिमीटर लांबीचा भुंगेराही येतो. तो तुडतुड्यांना खातो, म्हणून शेतकऱ्याचा मित्र आहे. तो चावत नाही व डंखही मारत नाही. परंतु त्वचेवर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातील पेडेरिन या द्रव्यामुळे साधारण एका दिवसानंतर लालसर, जळजळणारा चट्टा उठतो. पाहुण्याच्या वर्णनावरून त्याचा चट्टा याच प्रकारचा असावा. त्याला आधी सांगितले असते तर त्याने किडा मानेवर चिरडला नसता.

आम्ही लिस्टिंग नव्याने लिहिण्यास बसलो आणि प्रथम छायाचित्रे हाती घेतली. ओसरीतील एकाच जागेवरून शेताची तीन छायाचित्रे ठेवावयाची असे ठरले : नोव्हेंबरमधील हिरवे व चिखलाचे, जानेवारीतील कापणीचे आणि मे महिन्यातील कोरडे. प्रत्येकाखाली महिना लिहावयाचा. कावेरीच्या छायाचित्रालाही हाच नियम लावला. मेट्टूर धरणाचे सिंचनाचे पाणी सामान्यतः १२ जूनला सोडतात व २८ जानेवारीला बंद करतात. त्यामुळे ऑक्टोबरमधील दुथडी भरलेला प्रवाह पाहून मे महिन्यात आलेल्या पाहुण्यास वाळूच दिसते. खोल्यांची छायाचित्रे मोबाइलच्या ०.५x भिंगाने घेतलेली होती. त्या भिंगात दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते. आम्ही ती दारात उभे राहून, डोळ्यांच्या उंचीवरून, १x भिंगाने पुन्हा घेतली आणि खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहिली. स्नानगृहाचे आणि खिडकीच्या जाळीचे छायाचित्र पूर्वी नव्हतेच. शेवटी संध्याकाळी सात वाजता, दिवा लावलेल्या ओसरीचे एक छायाचित्र घेतले. त्यात दिव्याभोवतीचे तुडतुडे स्पष्ट दिसतात. कुटुंबाला ते लावण्यास संकोच वाटला, पण तक्रार नेमकी ज्या गोष्टीची होती ती याच छायाचित्रात होती.

सोयींच्या यादीत ‘इन्व्हर्टर आहे’ असे लिहिलेले होते. मुख्य स्विच बंद करून पाहिले असता प्रत्येक खोलीतील एक पंखा आणि एक दिवा चालला. वातानुकूलन यंत्र व गिझर चालले नाहीत. म्हणून ‘वीज गेल्यास पंखा व दिवा चालतो, ए.सी. व गिझर चालत नाहीत’ असे लिहिले. जाळ्यांची तपासणी रात्री केली. खोलीत दिवा लावून बाहेरून पाहिले की ज्या फटीतून प्रकाश बाहेर येतो तिथूनच कीटक आत येतात. तीनपैकी दोन खोल्यांच्या जाळ्या चौकटीला घट्ट बसलेल्या होत्या, तिसऱ्या खोलीत फट होती. फट बुजवेपर्यंत ‘दोन खोल्यांना जाळी’ असेच लिहावयाचे ठरले. ओसरीतील पांढरा दिवा काढून पिवळसर एलईडी बसवला. निळसर-पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी येतात. परंतु ते येतच नाहीत असे नाही, म्हणून ‘कीटकमुक्त’ हा शब्द कोठेही वापरला नाही.

घरच्या नियमांत पूर्वी दहा-बारा ‘मनाई’ होत्या. नियमाचे कारण कळले नाही तर पाहुणा तो पाळत नाही, असा कुटुंबाचा अनुभव होता. म्हणून मोजकेच नियम ठेवून प्रत्येकास कारण जोडले. नवा मजकूर असा झाला :

‘आमचे घर भातशेताला लागून आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संध्याकाळी दिव्यावर लहान कीटक मोठ्या संख्येने येतात. या महिन्यांत सायंकाळी ६ ते ९ ओसरीतील दिवा बंद ठेवतो. खोलीचे दार उघडे ठेवू नये. अंगावर किडा बसल्यास चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदाने दूर करावा. चिरडला गेल्यास जागा लगेच साबणाने धुवावी. फवारणीच्या दिवशी बांधावर लाल फडके लावतो. ते असेपर्यंत शेतात उतरू नये. पहाटे दारापुढे कोलम घालतो. त्यावर पाय देऊ नये. स्वयंपाक शाकाहारी असतो. ज्यांना कीटकांचा फार त्रास वाटतो त्यांनी फेब्रुवारी ते मे या काळात यावे; तेव्हा शेतात उडीद-मूग किंवा मोकळी जमीन असते, परंतु मे महिन्यात उकाडा तीव्र असतो.’

यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. उणीव सांगून न थांबता कोणी केव्हा यावे, हे त्यात सांगितले आहे. अशा मजकुरामुळे नोव्हेंबरमधील काही आरक्षणे कमी होतील, ही शक्यता कुटुंबाने स्वीकारली. मात्र जे येतील ते जाणून येतील.

लिस्टिंगच्याही मर्यादा आहेत. सर्व पाहुणे ती पूर्ण वाचत नाहीत. म्हणून आरक्षणानंतर पाठवावयाच्या संदेशात त्या महिन्याचे एक वाक्य पुन्हा द्यावे आणि आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दिव्याचा व किडा न चिरडण्याचा नियम तोंडी सांगावा. मजकूर पुरेसा खरा आहे का, हे पाहुण्यांच्या प्रश्नांवरून ओळखता येते. एकच प्रश्न तीन पाहुण्यांनी विचारला, तर त्याचे उत्तर लिस्टिंगमध्ये नाही, असे समजून ते त्याच आठवड्यात लिहावे.

कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात कृषी पर्यटन केंद्र चालविणाऱ्या कुटुंबांना महिने बदलावे लागतील. तेथील खरीप भाताचे कीटक आपल्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिव्यावर येतात. विस्तार कार्यकर्त्यांकडे प्रकाश सापळ्यांच्या नोंदी असतात. त्या नोंदींवरून आपल्या गावात कोणत्या आठवड्यांत कीटक दिव्यावर येतात हे कुटुंबास सांगता येईल, आणि तेच आठवडे लिस्टिंगमध्ये लिहिता येतील.